डिझेल वाढणार म्हणून सोनं घेतलं: कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा 2022 चा हिशोब

कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूला एका भाऊंच्या सहा गाड्या आहेत. न्हावा शेव्यावरून माल उचलायचा आणि भिवंडीच्या गोडाऊनला टाकायचा हे मेन काम, मधेमधे तळोजा एमआयडीसीच्या फेऱ्या. मी राहतो ठाण्यात, भाऊंचं जीएसटी आणि अकाउंटचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे डिझेलच्या स्लिपा, भाड्याची बिलं, सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडतं. त्यांना विचारून हे लिहितोय, नाव टाकू नको म्हणाले, म्हणून नुसतं भाऊ.

तर प्रकरण असं. डिसेंबर 2021 मध्ये भाऊंनी एका पार्टीबरोबर वर्षभराचा रेट फिक्स केला, प्रत्येक ट्रिपला ठरलेली रक्कम, डिझेल वाढलं तरी तेवढीच. तेव्हा ते ठीक वाटत होतं कारण 4 नोव्हेंबर 2021 पासून पंपावरचा भाव जागचा हलला नव्हता, मुंबईत डिझेल 94 रुपये 14 पैसे, रोज तेच (मी सगळीकडे मुंबईचा रेट धरलाय, पनवेलला थोडे पैसे इकडेतिकडे होतात). मग 24 फेब्रुवारी 2022 ला रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि ब्रेंट क्रूड, म्हणजे जगात ज्या तेलाचा भाव धरतात ते, शंभर डॉलरच्या वर गेलं, 7 मार्चला तर दिवसात 139 ला टेकून आलं. यूपीच्या विधानसभा निवडणुकीचा निकाल 10 मार्चला होता आणि नाक्यावर प्रत्येकजण एकच सांगत होता की निकाल लागू दे, मग बघा डिझेल.

भाऊंचा महिन्याचा खप साधारण सहा हजार लिटर. लिटरमागे दहा रुपये वाढले तर महिन्याला साठ हजार खिशातून, आणि भाडं तर फिक्स. ही भीती शंभर टक्के बरोबर होती. पुढचं पाऊल मात्र त्यांनी असं टाकलं की 9 मार्चला ठाण्यात जांभळी नाक्याकडे एका सराफाकडून शंभर ग्रॅमचं सोनं घेतलं, दहा ग्रॅमला 54 हजारांच्या आसपास, म्हणजे 5 लाख 40 हजार आणि वर 3 टक्के जीएसटी 16 हजार 200. मला फोन करून म्हणाले, "अरे, तेल वाढलं की सोनं वाढतंच. डिझेलमध्ये जे जाईल ते सोन्यात परत येईल. आणि नाहीच आलं तरी सोनं ते सोनं."

शेवटचं वाक्य वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येतो. आधीची दोन वाक्यं म्हणजे पक्का हेजिंगचा व्यवहार आहे, फक्त भाऊंनी त्याला तसं नाव दिलं नव्हतं. एका बाजूला होणारा तोटा दुसऱ्या बाजूच्या फायद्याने भरून काढायचा, आणि त्यासाठी दोन्ही भाव बरोबर चालले पाहिजेत, नुसते "कधीतरी दोन्ही वाढतात" एवढ्याने भागत नाही.

आता झालं काय ते बघा. निकालानंतर लगेच नाही, पण 22 मार्चपासून पंपावरचे भाव जवळजवळ रोज ऐंशी पैशांच्या आसपास सरकायला लागले आणि 6 एप्रिलला मुंबईत डिझेल 104.77 ला येऊन थांबलं. म्हणजे लिटरला 10 रुपये 63 पैसे जास्त. 22 मेला केंद्राने डिझेलवरची एक्साइज 6 रुपयांनी कमी केली, मुंबईत भाव 97.28 झाला, मग जुलैच्या मध्याला राज्याने व्हॅट उतरवला आणि 94.27 आला, जवळपास जिथून निघालो तिथेच. मी स्लिपा काढून बेरीज केली तर या पावणेचार महिन्यांत भाऊंना जादा डिझेलचे साधारण दीड लाख लागले. त्यातले जवळपास एक लाख तर एकट्या एप्रिल ते मे मधल्या त्या दीड महिन्यातले.

हे दीड लाख शंभर ग्रॅम सोन्यातून निघायला सोनं 27-28 टक्के वाढायला हवं होतं. जुलैच्या मध्याला भाव होता दहा ग्रॅमला 50 हजारांच्या थोडा वर. म्हणजे वाढ सोडाच, शंभर ग्रॅमवर 38 हजारांच्या आसपास घट, आणि जीएसटीचे 16 हजार विकताना कोणी परत देत नाही ते वेगळे. दोन्ही बाजूंनी मार. दीड लाखांचा खड्डा बुजवायला गेले आणि कागदावर तो दोन लाखांचा झाला.

यावर भाऊंचा प्रश्न अगदी रास्त होता. "मोबाईलवर चार्ट बघितला होता रे मी, दोन्ही रेघा बरोबर वर चाललेल्या." आणि तो चार्ट खोटा नव्हता. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन्ही रेघा खरंच वर जात होत्या.

म्हणून मी एक शीट केली, 2022 च्या प्रत्येक महिनाअखेरचा सोन्याचा डॉलरमधला भाव B कॉलममध्ये आणि ब्रेंटचा C मध्ये, तिसऱ्या ओळीपासून जानेवारी, आणि तुलनेला दुसऱ्या ओळीत डिसेंबर 2021 अखेरचा भाव. को-रिलेशन काढायला एक्सेलमध्ये नाहीतर गूगल शीटमध्ये एकच फॉर्म्युला लागतो, डोकं लावायची गरज नाही, डोकं लागतं ते आत काय टाकायचं याला.

```
=CORREL(B3:B14, C3:C14)
```

उत्तर उणे एक ते अधिक एकच्या मधे येतं. एकच्या जवळ म्हणजे एक आपल्या सरासरीच्या वर असताना दुसरंही बहुतेक वेळा वर असतं. उणे एकच्या जवळ म्हणजे उलट. शून्याच्या जवळ म्हणजे एकाकडे बघून दुसऱ्याबद्दल काही सांगता येत नाही. किती वर आणि कशामुळे, हे तो आकडा सांगतच नाही, याच्याकडेही पुढे येतो.

मी आधी सरळ भाव टाकले. उत्तर आलं 0.45. भाऊ म्हणाले, बघ, आहे ना संबंध! आणि बरेच लोक इथेच थांबतात, यूट्यूबवरचे सुद्धा. पण भावाचं भावाशी को-रिलेशन काढणं ही या विषयातली सगळ्यात कॉमन फसगत आहे. ज्या दोन गोष्टी काही काळ एका दिशेने सरकत राहतात त्यांचं को-रिलेशन चांगलंच येतं, मग त्यांचा एकमेकांशी संबंध असो नसो. तुमच्या मुलाची उंची आणि सोसायटीचा मेंटेनन्स, दहा वर्षांचे आकडे टाका, 0.9 च्या वर येईल, म्हणून मुलगा वाढला की मेंटेनन्स वाढतो असं थोडीच आहे.

मग करायचं काय, तर भाव न टाकता बदल टाकायचा. मागच्या महिन्यापेक्षा किती टक्के वर किंवा खाली, दोन्हीचे, आणि मग तोच फॉर्म्युला.

```
=B3/B2-1
```

हे सोन्याचं, ब्रेंटला B च्या जागी C, दोन्ही खाली ओढायचं, मग बदलांच्या दोन कॉलमवर CORREL. 2022 च्या बारा महिन्यांचं उत्तर आलं जवळपास शून्य. 0.45 वरून शून्य, आकडे तेच, फक्त प्रश्न नीट विचारला. हेजिंग करणाऱ्याला हाच प्रश्न विचारायचा असतो, कारण त्याला दहा वर्षांची दिशा नको असते, या महिन्यात डिझेलने खाल्लं तर याच महिन्यात सोन्याने दिलं का, एवढंच हवं असतं.

शून्य म्हणजे दोघं कधीच बरोबर चालले नाहीत असंही नाही हां, आणि इथेच खरी गंमत आहे. महिने सुटे करून बघा. फेब्रुवारीत सोनं 6 टक्के वर, ब्रेंट 10-11 टक्के वर, एकदम जोडीने. मे महिन्यात ब्रेंट 12 टक्के वर आणि सोनं 3 टक्के खाली, म्हणजे भाऊंना सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच्या आसपास उलट. ऑगस्ट, सप्टेंबर दोन्ही खाली, परत जोडी. आणि नोव्हेंबरमध्ये सोनं 8 टक्के वर, ब्रेंट 10 टक्के खाली. जोडी आणि फारकत एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरीला शून्य उरतं.

आणि गंमत म्हणजे एकटा नोव्हेंबर काढून उरलेल्या अकरा महिन्यांचं काढलं तर उत्तर 0.33 येतं! एका महिन्याने आकडा एवढा हलतो. बारा आकड्यांवरच्या को-रिलेशनवर किती विसंबायचं ते यावरून कळतं. कोणी तुम्हाला "सोनं आणि तेलाचं को-रिलेशन अमुक आहे" असं एकच ठाम आकडा सांगून टाकलं तर आधी विचारायचं, कुठल्या काळाचं, रोजच्या बदलाचं की महिन्याच्या, डॉलरमध्ये की रुपयात. तीन प्रश्नांत बहुतेकजण गप्प होतात.

बरं, 0.33 जरी खरं धरलं तरी हेज म्हणून त्याची किंमत किती? आकड्याचा वर्ग करायचा, 0.33 गुणिले 0.33, म्हणजे 0.11. तेलाच्या चढउतारातला जेमतेम नववा हिस्सा सोन्याच्या चढउताराशी जुळतो, बाकी आठ हिस्से उघडेच. आणि हे तेलाबद्दल, पंपावरच्या डिझेलबद्दल अजून बोललोच नाही.

आता मुद्द्याचं, असं का होतं. तेल जाळायची वस्तू आहे, आज काढलं, आज विकलं, आज जळलं. साठवायला टाक्या लागतात, त्या भरल्या की भाव कोसळतो (20 एप्रिल 2020 ला अमेरिकेचं तेल उणे 37 डॉलरला बंद झालं होतं, आठवत असेल, इथे आपल्या वायदेबाजारात, एमसीएक्सवर सुद्धा लोकांचे लाखो गेले). सोनं जळत नाही, आजपर्यंत खणलेलं जवळपास सगळं कुठल्या ना कुठल्या लॉकरमध्ये, गळ्यात नाहीतर सेंट्रल बँकेच्या तिजोरीत आहेच. म्हणून या वर्षी खाणीतून थोडं कमी निघालं याने सोन्याला फारसा फरक पडत नाही. सोन्याचा भाव बराचसा ठरतो तो लोकांना पैसे दुसरीकडे ठेवून किती मिळतायत यावर, कारण सोनं व्याज देत नाही.

आता 2022 ची साखळी लावा. युद्ध झालं, तेल वाढलं, घाबरून लोक सोन्यात आले, दोन्ही वर. हा पहिला टप्पा, दोन-तीन आठवड्यांचा. पण तेल महाग म्हणजे महागाई, अमेरिकेत जून 2022 मध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली, चाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त. मग फेडने, म्हणजे अमेरिकेच्या सेंट्रल बँकेने, व्याजदर वाढवायला घेतले, मार्चमध्ये पाव टक्का, मेमध्ये अर्धा, मग जून, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर प्रत्येक वेळी पाऊण टक्का, डिसेंबरमध्ये परत अर्धा, वर्ष संपेपर्यंत शून्याजवळून साडेचार टक्क्यांपर्यंत. डॉलरमध्ये नुसते पैसे ठेवले तरी चार टक्के मिळायला लागल्यावर बिनव्याजी सोनं कोण धरून बसणार, शिवाय डॉलर तगडा झाला की डॉलरमधला सोन्याचा भाव उतरतो. मार्चमध्ये 2,070 ला जाऊन आलेलं सोनं सप्टेंबरअखेरीस दिवसात 1,615 पर्यंत खाली आलं.

म्हणजे ज्या तेलाने सोनं वर ढकललं त्याच तेलाने महागाई आणि व्याजदराच्या वाटेने सोनं खाली ओढलं. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, एक जवळची आहे आणि एक लांबची, आणि कुठली कधी जिंकेल ते फेड महागाईला किती जोरात उत्तर देते यावर ठरतं. "तेल वाढलं की सोनं वाढतं" हे वाक्य चूक नाही, ते अर्धं आहे. माझ्या मते नुसती चूक असती तर बरं झालं असतं, अर्ध्या बरोबर वाक्यावर माणूस पाच लाख लावतो.

नोव्हेंबरची फारकतही याच हिशोबात बसते. 10 नोव्हेंबरला अमेरिकेचा महागाईचा आकडा 7.7 आला, बाजाराला वाटलं फेड आता दमाने घेणार, डॉलर पडला, सोनं उसळलं. तेलाला मात्र तेव्हा चीनमधल्या कोविडच्या बंदीची आणि मंदीची धास्ती होती, ते खाली. दोघांचे मालक वेगळे, त्या महिन्यात दोघांनी दोन वेगळ्या दिशेला हाक मारली. ऑगस्ट-सप्टेंबरला मात्र तगडा डॉलर हा मालक कॉमन होता म्हणून दोन्ही एकत्र घसरले. जोडी दिसली की आधी हा कॉमन मालक शोधायचा, डॉलर असतो नाहीतर एकदम उडालेली घबराट असते.

घबराटीचा एक नमुना 8 मार्च 2022 चाच आहे. त्या आठवड्यात तेल, सोनं, गहू, तांबं सगळंच वर, आणि लंडनच्या एलएमईवर निकेल एका दिवसात टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं, एक्स्चेंजने नंतर सौदेच रद्द केले. त्या दिवशीचा चार्ट बघून कोणालाही वाटेल की सगळ्या कमोडिटी एकाच दोरीने बांधल्यात. पण निकेलची उडी भाव पडेल म्हणून आधीच विकून बसलेल्या मोठ्या शॉर्टवाल्यांच्या अडकण्याने होती, गव्हाची युक्रेनच्या बंदरांमुळे, तांब्याने तर मार्चमध्ये 10,800 च्या वरचा रेकॉर्ड केला आणि जुलैत 7,000 च्या आसपास येऊन पडलं कारण चीनमध्ये मागणीच नव्हती. घबराट ओसरली की प्रत्येकजण आपापल्या धंद्याला लागतो.

सोन्याबरोबर खरंच चालणारी एक आहे, चांदी. तिचे महिन्याचे बदल सोन्याशी बऱ्यापैकी जुळतात. पण इथे ती मघाची अर्धवट सोडलेली गोष्ट येते, आकडा "किती" ते सांगत नाही. मार्च 2022 मध्ये चांदी 26 डॉलरच्या वर होती, सप्टेंबरच्या सुरुवातीला 18 च्या खाली. त्याच काळात सोनं 17 टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि चांदी तीस टक्क्यांहून जास्त. दिशा एक, पाऊल जवळजवळ दुप्पट. को-रिलेशन 0.8 दिसलं म्हणून सोन्याऐवजी तेवढ्याच रकमेची चांदी घेतली तर हेज अर्धं किंवा दुप्पट होऊन बसतं. आधी दिशा जुळते का ते बघायचं, मग पाऊल किती मोठं ते, आणि मग रक्कम.

आता आपल्याकडची बाजू, कारण भाऊंनी डॉलरमध्ये सोनं घेतलं नव्हतं. आपला भाव म्हणजे डॉलरचा भाव गुणिले रुपया गुणिले इम्पोर्ट ड्युटी. भाऊंनी घेतलं त्या दिवशी सोनं औंसाला दोन हजार डॉलरच्या जरा आत बंद झालं, जुलैच्या मध्याला 1,710, म्हणजे 14 टक्के खाली. भाऊंच्या सोन्याचा भाव मात्र सातच टक्के उतरला. बाकीचं कोणी झेललं? रुपया त्या काळात 76.60 वरून जवळपास 80 ला गेला, त्याने चार टक्के दिले. आणि 30 जून 2022 पासून सरकारने सोन्यावरची एकूण ड्युटी 10.75 वरून 15 टक्के केली, त्याने आणखी चारेक टक्के.

आणि इथे भाऊंच्या समजुतीत थोडं तथ्य निघतं. आपण तेल 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. तेल महागलं की डॉलरची मागणी वाढते, रुपयावर ताण येतो, आयातीचं बिल फुगतं, आणि मग सरकारचं लक्ष सोन्याच्या आयातीवर जातं, कारण तेल तर बंद करता येत नाही. 2022 ची ड्युटीवाढ त्याच दबावातली. म्हणजे रुपयातल्या सोन्याला तेलाचा आधार मिळतो, पण तो रुपयाच्या आणि ड्युटीच्या मागच्या दाराने, आणि तो आधार डॉलरमधली घसरण निम्मी करण्याइतका होता, दीड लाख मिळवून देण्याइतका नव्हता.

अजून एक गोष्ट शीट करताना ध्यानात ठेवायची. सोनं आणि तेल दोन्ही रुपयात मांडले की दोन्हीत रुपया गुणलेला असतो, त्यामुळे को-रिलेशन सहसा थोडं जास्त दिसतं. ते सोन्या-तेलाचं नातं नसतं, दोघांच्या कॉलममध्ये तिसरा माणूस बसलेला असतो.

मग भाऊंनी विचारलं, सोनं नको तर एमसीएक्सवर क्रूडच घेतलं असतं तर? ते जवळचं आहे हे खरं, पण त्याचेही वांधे आहेत. मोठा लॉट शंभर बॅरलचा, एक बॅरल 159 लिटर, म्हणजे 15,900 लिटर, भाऊंच्या अडीच महिन्यांहून जास्तीचा खप एका लॉटमध्ये. आणि त्याहून मोठी अडचण, आपल्या पंपावरचा भाव क्रूडबरोबर रोज चालतो असं कागदावर आहे, प्रत्यक्षात तसं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये क्रूड पेटलेलं असताना पंप 94.14 वर गप्प. नंतर उलट, जुलैच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत क्रूड शंभरच्या आसपासून 85 वर आलं आणि पंप 94.27 वर चिकटून बसला, तो थेट मार्च 2024 पर्यंत, कारण तेल कंपन्या आधीचा तोटा भरून काढत होत्या. त्या अर्ध्या वर्षात कोणी क्रूडचा लॉट धरून ठेवला असता तर लॉटमध्ये तोटा आणि डिझेलमध्ये एक पैशाचा दिलासा नाही. भाऊंची जोखीम क्रूडची नव्हतीच मुळी, ती मुंबईच्या पंपावरच्या छापील रेटची होती, आणि त्या रेटशी शंभर टक्के जुळणारी एकच गोष्ट आहे, तो रेट स्वतः.

म्हणून डिसेंबर 2022 ला रिन्युअल आलं तेव्हा आम्ही सगळा जोर डिझेल क्लॉजवर लावला. ॲग्रीमेंटमध्ये बेस रेट लिहिला, 94.27. भाड्यात डिझेलचा हिस्सा 40 टक्के धरला, भाऊ 50 मागत होते, त्यांच्या गाड्यांचं ॲव्हरेज आणि टोल, ड्रायव्हर, टायर, हप्ते सगळं मांडल्यावर 40 च निघत होता आणि पार्टीही तेवढ्यावरच तयार झाली. दर महिन्याच्या एक तारखेचा पंपाचा भाव बघायचा, दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर भाडं त्याच्या 40 टक्के हलणार, वरही आणि खालीही. समजा ट्रिपचा रेट दहा हजार आहे आणि डिझेल 94.27 वरून परत 104.77 झालं, म्हणजे 11 टक्के वाढ, तर भाडं साडेचार टक्क्यांच्या जरा कमी वाढणार, ट्रिपला साधारण 445 रुपये. पार्टीने "खालीही" वर अडून बसून मान्य करून घेतलं, आणि 15 मार्च 2024 ला डिझेल 92.15 झालं तेव्हा त्यांनी एप्रिलच्या बिलात बरोबर कापून घेतले. भाऊ थोडे चिडले, पण कापलेले पैसे आणि पंपावर वाचलेले पैसे शीटमध्ये शेजारी ठेवून दाखवले तेव्हा फरक चहापाण्याचा निघाला. हेज नीट बसलंय हे असंच ओळखायचं, दोन्ही बाजूंची बेरीज सगळ्या महिन्यांत कंटाळवाणी यायला पाहिजे.

राहिलं ते शंभर ग्रॅम. ते भाऊंनी विकलं नाही. एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखाला जाऊन टेकला तेव्हा मला रात्री साडेदहाला फोन, "काय रे, सोनं चुकलं होतं ना माझं?" तेव्हा ब्रेंट पासष्ट-सत्तरच्या घरात होतं, म्हणजे त्यांनी घेतलं तेव्हापेक्षा बरंच खाली, आणि सोनं रुपयात जवळपास दुप्पट. यामागे 2022 नंतर सेंट्रल बँकांची खरेदी आहे, रशियाची डॉलर-युरोतली गंगाजळी गोठवल्यावर बऱ्याच देशांना वाटलं की तिजोरीत असं काहीतरी हवं जे दुसऱ्या कोणाला गोठवता येणार नाही, आणि 2022, 2023, 2024 तिन्ही वर्षी त्यांनी हजार टनांच्या वर सोनं घेतलं. तेलाचा त्यात काही हात नाही. मी भाऊंना एवढंच म्हटलं की पोरीच्या लग्नाला म्हणून घेतलं असतं तर मी तेव्हाही नाही म्हटलं नसतं, तुम्ही ते डिझेलच्या खात्यात लिहायला सांगितलं होतं. ते खातं मी तेव्हाच बदलून घरच्या गुंतवणुकीत टाकलंय.